ओवाळून घेणाऱ्याचं काम

दारात तबक घेऊन उभ्या असलेल्या बाईला काय करायचं ते पाठ असतं. तिने आईला पाहिलेलं असतं, सासूला पाहिलेलं असतं. अवघडतो तो समोरचा. हात जोडायचे की खाली सोडायचे, निरांजनाकडे बघायचं की तिच्याकडे, टिळा लावताना डोळे मिटायचे का, पैसे आता ठेवायचे की नंतर, चपला कधी काढायच्या, असे सगळे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर एकदम उमटतात. शेवटी तो फोटोत येतं तसं हसू तोंडावर ठेवून उभा राहतो. स्वागत करणाऱ्याच्या बाजूने आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. ज्याचं स्वागत होतं त्याची बाजू मात्र कुणी शिकवत नाही, आणि खरं तर तीही ठरलेली आहे.

किती ठरलेली, हे पाहायला गृह्यसूत्रांपर्यंत मागे जावं लागतं. घरगुती विधींचे हे जुने ग्रंथ. त्यातल्या पारस्कर गृह्यसूत्रात अर्घ्य देऊन सन्मान करावा अशा सहा जणांची यादी आहे : आचार्य, यज्ञ करणारा ऋत्विज, लग्नाला आलेला वर, राजा, जिवलग माणूस आणि शिक्षण पुरं करून परतलेला स्नातक. आल्यावर त्याला आधी दर्भाचं आसन, मग पाय धुवायला पाणी, मग ओंजळीत अर्घ्य, मग आचमनाचं पाणी आणि शेवटी मधुपर्क द्यायचा. मधुपर्क म्हणजे दही, मध आणि तूप काशाच्या भांड्यात एकत्र करून, वर काशाचंच झाकण ठेवून आणलेलं मिश्रण. प्रत्येक वस्तू पुढे करताना तिचं नाव तीन वेळा मोठ्याने सांगितलं जाई आणि पाहुण्याने ती स्वीकारल्याचं बोलून मग हातात घ्यायची.

मधुपर्क हातात आला की पाहुण्याचं काम आणखी वाढे. भांडं डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताच्या अनामिकेने तीनदा ढवळायचं, थोडं बाहेर उडवायचं, मग तीनदा चाखायचं. उरलेलं मुलाला किंवा शिष्याला द्यायचं, नाहीतर स्वतः संपवायचं, नाहीतर जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी ओतायचं. त्यानंतर गाय पुढे आणली जाई आणि तिचं पुढे काय करायचं तेही पाहुण्यानेच सांगायचं असे. तिला सोडून द्या, गवत खाऊ दे, असं म्हणण्याची मुभा सूत्रात आहे आणि काळाच्या ओघात तेवढाच पर्याय उरला. म्हणजे यजमानाने देऊ केलेली सगळ्यात मोठी गोष्ट नको म्हणण्याचा अधिकारसुद्धा पाहुण्याचाच होता. आजही लग्नात वराचे पाय धुऊन त्याच्या हातावर दही-मध ठेवतात, ते याच विधीचं उरलेलं रूप. भटजी पुटपुटतात, नवरदेव हात पुढे करतो आणि बोटं पुसायला रुमाल शोधतो.

आता आपल्या दाराशी येऊ. समजा, एका घरी नव्या जावयाचा पहिला दिवाळसण आहे. लेक आणि जावई संध्याकाळी पोचणार आहेत. सासूबाईंनी तबक दुपारीच भरून ठेवलंय. त्यात हळद-कुंकवाची कोयरी, अख्ख्या तांदळाच्या अक्षता, एक सुपारी, सोन्याची अंगठी, फुलवात घातलेलं तुपाचं निरांजन आणि वाटीत साखर किंवा पेढा. अक्षतांचे तांदूळ निवडून घेतलेले असतात, कारण त्यात कणी चालत नाही. शेजारी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा वेगळा ठेवलेला.

पहिलं काम भाकरतुकड्याचं. प्रवासातून आलेल्या माणसाला वाटेत दृष्ट लागलेली असते, ती घरात येऊ नये म्हणून भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून बाजूला टाकतात. पायांवर थोडं पाणी घालतात, काही घरी डोळ्यांनाही पाण्याचं बोट लावतात. नव्या जोडप्यासाठी, बाळंतीण बाळाला घेऊन येते तेव्हा, किंवा कुणी फार दिवसांनी परतलं की हे हमखास होतं. गणपती घरी आणताना मूर्ती घेऊन आलेल्याच्या पायांवरही पाणी घालतात ते याच रीतीने. इथे पाहुण्याने एवढंच करायचं : चपला-बूट आधीच काढून ठेवायचे आणि स्वस्थ उभं राहायचं. हे सांगायला सोपं आहे. पण बूट घातलेल्या जावयाच्या पायांवर पाणी पडलेलं आणि मग मोजे ओले झालेले अनेकांनी पाहिले असतील.

पाय धुण्यामागचं कारण साधं होतं. माणूस धुळीच्या वाटेने चालत यायचा. ओसरीच्या टोकाला पाण्याची घंगाळ असायची, पाय धुतले की हातात गूळ आणि पाण्याचा तांब्या मिळायचा. गुळाने तहानेलेल्या पोटाला लगेच आधार मिळतो आणि रिकाम्या पोटी एकदम गार पाणी जात नाही. आजचा पाहुणा गाडीतून उतरून लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर येतो. तिथल्या गुळगुळीत फरशीवर तांब्याभर पाणी ओतणं म्हणजे घसरायची सोय. म्हणून आता बहुतेक घरी फुलाने चार थेंब शिंपडतात, आणि तेच शहाणपणाचं आहे.

मग टिळा. पुरुषाला कुंकवाचा उभा टिळा, बाईला आधी हळद मग कुंकू. बहुतेक घरी अनामिकेने लावतात. पाहुण्याने मान किंचित पुढे झुकवायची, फार नाही. नाहीतर लावणाऱ्याला कपाळ दिसत नाही आणि बोट केसांत जातं. पूर्वी पुरुष टोपी-पागोट्याशिवाय ओवाळून घेत नसत. उघडं डोकं अपुरं समजत. आता खिशातला रुमाल डोक्यावर टाकतात किंवा घरातलंच कुणीतरी घाईघाईने हात ठेवतं. बायका पदर सावरतात.

टिळ्यावर चार अक्षता चिकटवायच्या असतात आणि इथेच सगळ्यात जास्त फजिती होते. कोरडं कुंकू घेतलं की अक्षता टिकत नाहीत. त्या खाली पडतात आणि सोबत कुंकवाचा चुरा नाकावर, पापण्यांवर. कुंकू पाण्याच्या दोन थेंबांत कालवून गंधासारखं घट्ट केलं तर टिळाही रेखीव होतो आणि अक्षताही बसतात. जुन्या बायका कुंकवाखाली मेणाचं बोट लावत, ते यासाठीच. कुंकवाचा आणखी एक मुद्दा आहे. पारंपरिक कुंकू हळदीचंच. हळद लिंबाच्या रसात भिजवून टाकणखार आणि तुरटी यांच्या संगतीने लाल केली जाते. पंढरपूरचं कुंकू नावाजलेलं. बाजारात मात्र केवळ रंग मिसळलेली पूडही कुंकू म्हणून मिळते. ज्याच्या कपाळाला खाज सुटते किंवा पुरळ येतं त्याने ते लगेच धुऊन टाकावं, यात कुणाचा अपमान नाही. टिळा रात्रीपर्यंत राखलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

टिळ्यानंतर ओवाळणं. आधी सुपारी आणि अंगठी हातात धरून चेहऱ्याभोवती फिरवतात, मग तबकासह निरांजन. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तीनदा किंवा पाचदा, घराघरात फरक असतो. शेवटी डोक्यावर अक्षता आणि तोंडात साखर. घरात पाटावर बसवून औक्षण करतात तेव्हा माणसाचं तोंड दक्षिणेकडे नसावं असा संकेत आहे. दाराशी तो पाळता येत नाही. घर जिकडे असेल तिकडे तोंड करून पाहुणा उभा राहणार, आणि त्यावर आजवर कुठल्या आजीने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

पाहुण्याची सर्वांत नेहमीची चूक इथे होते. देवाच्या आरतीची सवय असल्याने निरांजन जवळ आलं की तो दोन्ही तळवे ज्योतीवर धरून डोळ्यांना लावतो. देवाला ओवाळून झालेल्या ज्योतीची ऊब आपण घेतो, ती त्या देवाचा प्रसाद म्हणून. इथे ओवाळला जातोय तो तुम्हीच. आपलीच आरती आपणच घ्यायची म्हणजे जरा विचित्रच. औक्षण होत असताना हात खाली किंवा जोडलेले, नजर ज्योतीकडे, आणि झाल्यावर दिव्याला नमस्कार, एवढं पुरेसं आहे.

वाऱ्याचं एक संकट असतंच. दाराच्या फटीतून येणारा झोत निरांजनाला पुरत नाही. वात तुपात पूर्ण भिजलेली असावी आणि तिचं टोक वर नीट उभं असावं. अर्धवट भिजलेली फुलवात पहिल्या झुळकीलाच विझते. विझलीच तर ओवाळणारीच्या चेहऱ्यावर अपशकुनाची छाया येते. अशा वेळी पाहुण्याने थांबायचं, ‘लावा परत, घाई नाही,’ म्हणायचं. गोष्ट तिथेच मिटते. उलट फोटोसाठी तबक हवेत धरून मिनिटभर थांबवणं जास्त धोक्याचं, कारण तेवढ्यात कुणाची तरी सिंथेटिक साडीची झूल किंवा ओढणी ज्योतीजवळ येते. सुती कापडही भराभर पेटतं. सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं.

आता ओवाळणीचा प्रश्न. आपल्या उदाहरणात सासूबाईंनी ओवाळलं. त्या वडीलधाऱ्या, म्हणून जावयाने वाकून नमस्कार करायचा. मेहुणीने ओवाळलं असतं तर तबकात ओवाळणी घालायची असती. सासूच्याही तबकात पाकीट ठेवण्याची रीत काही घरांत आहे, ती बायकोकडून आधी विचारून घ्यावी. रक्कम एकावन्न, एकशे एक अशी एकाने वाढवलेली ठेवतात. ती ज्योतीपासून दूर, तबकाच्या कडेला ठेवावी. नोट उलगडून वातीवर टाकणारे जावई आहेत. आणि उंबऱ्यावरून देणंघेणं करू नये असा जुना दंडक आहे. ती घरात आणि तुम्ही बाहेर असाल तर एक पाऊल आत टाकून मगच पाकीट काढा. तो पहिला पाय उजवा, हे बहुधा मागून कुणीतरी ओरडून सांगतंच.

ओझरत्या भेटीला आलेल्या पाहुण्याकडून, व्याख्याता म्हणून आलेल्याकडून, गावच्या जत्रेला आलेल्या मित्राकडून मात्र ओवाळणीची अपेक्षा नसते. तिथे पाकीट ठेवलं तर यजमानीण ते परत करण्याच्या खटपटीत पडते आणि दारात दहा मिनिटं ‘अहो नको हो’ चालतं. ओवाळणी ही नात्याची देवघेव आहे, औक्षणाची फी नव्हे.

बायकांमध्ये उत्तर देण्याची याहून सुंदर रीत आहे आणि ती अजून जिवंत आहे. यजमानीण पाहुणीला हळद-कुंकू लावते. पाहुणी लगेच तीच कोयरी हातात घेऊन यजमानणीला लावते. वयाने लहान असली तर वर वाकून नमस्कारही करते. जे मिळालं तेच, त्याच क्षणी, तसंच परत. या रीतीला पैसे लागत नाहीत आणि कोण मोठं कोण छोटं हा प्रश्नही उरत नाही.

पण ह्या सुंदर रीतीची दुसरी बाजू तेवढीच कडू आहे. दारात तबक घेऊन उभी राहायची ती सवाष्णच, असा घराघरातला अलिखित नियम. विधवा आई मुलाच्या वरातीच्या वेळी आतल्या खोलीत, आणि पाहुणी विधवा असली तर कोयरी तिच्यासमोरून पुढच्या बाईकडे सरकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवांना कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला लावणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. ठरावाने दारातलं तबक लगेच कुणाच्या हाती जात नाही. इथे पाहुण्याला मात्र बरंच करता येतं. जावयाने किंवा लेकाने ‘मला आईनेच ओवाळावं’ एवढं म्हटलं की घरातल्या कुठल्याच मावशीचं काही चालत नाही. ओवाळून घेणाऱ्याच्या शब्दाला त्या घडीला जे वजन असतं, ते एरवी कुणालाच नसतं.

हाराचं प्रकरण वेगळं. घराच्या दारात हार क्वचित. तो वरातीला, वेशीवर, सभेच्या मंचावर. झेंडू, शेवंती, निशिगंध, वर गुलाबाची झालर. हार घालणाऱ्याचे हात पुरेसे वर जावेत म्हणून पाहुण्याने मान वाकवायची, टोपी असेल तर ती एका हाताने धरायची. पुढच्या क्षणी हार काढून हातात घ्यायचा. मंचावरचे पुढारी तो लगेच उतरवतात हे पाहून काहींना ते उर्मटपणाचं वाटतं. उलट आहे. मान स्वीकारला, पण मी तो मिरवत बसणार नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय अर्धा किलो ओला झेंडू गळ्यात घालून भाषण करून बघावं. काढलेला हार खुर्चीच्या पाठीला अडकवण्यापेक्षा शेजारच्या लहान मुलाच्या गळ्यात घालणं किंवा जवळ तसबीर असेल तर तिला वाहणं चांगलं. गांधीजी फुलांच्या हारांपेक्षा हाताने कातलेल्या सुताचा हार पसंत करत. त्या सुताचं पुढे कापड होतं. आता शाल-श्रीफळाच्या मंचावर ‘हारतुरे नकोत’ अशी सूचना निमंत्रणातच छापतात, ती वाचूनही हार आणणारे आणतात. त्यांना तिथेच परत पाठवू नये.

पाहुण्याने उत्तर द्यायची सगळ्यात मोकळी पद्धत मला वारकऱ्यांची वाटते. पालखीच्या वाटेवर गाव वेशीवर येतं, रांगोळ्या घातलेल्या असतात, दिंडीतल्या माणसांचे पाय धुतले जातात. कपाळाला बुक्का लागतो, गळ्यात तुळशीची माळ आधीपासून असतेच. मग एक जण दुसऱ्याच्या पाया पडतो, आणि तो उठायच्या आत दुसरा त्याच्या पाया पडतो. वय, जात, पद, यजमान, पाहुणा, काहीच आड येत नाही. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोरासमोर वाकतो आणि पोरगं संकोचून अर्ध्यावरच खाली बसतं. हळद-कुंकवाच्या कोयरीसारखंच हेही : मिळालेला मान तिथल्या तिथे परत केलेला. फक्त इथे कुणाला वगळलेलं नाही.

राहिला प्रश्न नको म्हणण्याचा. टिळा सगळ्यांच्या श्रद्धेत बसत नाही. पाहुणा मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, नास्तिक असेल, किंवा कपाळाला कुंकवाने पुरळ येणारा साधा हिंदू असेल. पर्यटकांचा जथा हॉटेलच्या दारात उतरतो तेव्हा एकामागून एक कपाळांवर टिळे उमटत जातात. त्यातल्या किती जणांना विचारलेलं असतं? विचारणं अवघड नाही. तबक पुढे करताना क्षणभर थांबलं की माणसाच्या हालचालीतूनच कळतं. ज्याला नको आहे त्याने हात छातीवर ठेवून मान लववावी आणि हसून ‘आलो, पोचलो’ म्हणावं. मागे सरकू नये, कपाळ हाताने झाकू नये. दोन्हीत ओवाळणारीला झिडकारल्यासारखं होतं. यजमानाने मग फूल द्यावं.

यासाठी आपल्याकडे एक जुनी सोय आहेच : अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट, वरून गुलाबपाण्याचा शिडकावा. ही रीत दरबारातून आली, मुसलमान घरांत आणि हिंदू घरांत सारखीच रुजली, आणि त्यात कुणाच्या देवाचं नाव नाही. फक्त एक ध्यानात ठेवावं. दरबारी रिवाजात अत्तर-गुलाब आणि पानसुपारी बैठक संपताना देत, म्हणजे आता निघायला हरकत नाही असा इशारा. जुन्या वळणाचा पाहुणा असेल आणि तुम्ही दारातच त्याच्या हातावर अत्तर लावून विडा पुढे केलात, तर तो चपला शोधू लागेल. त्याला आधी आत घ्या, पाणी द्या, बसू द्या.